डोळा दुखतोय आणि सबमिशन जवळ आलंय, सरांना कुठली नोट पाठवायची?

गेल्या सेमिस्टरला सोमवारी सकाळी उठले तर माझा डावा डोळा लालबुंद, सारखं पाणी येतंय, खिडकीकडे बघितलं की आत सुई टोचल्यासारखं होतंय, आणि बुधवारी रात्री 11:59 ला रिपोर्टचं सबमिशन. त्या दिवशी मी सरांसाठी दोन नोट्स लिहिल्या. एक पाठवली, एक तशीच पडून आहे, आणि आता दोन्ही शेजारी ठेवून बघितल्या की फरक लगेच कळतो, म्हणून इथे लिहितेय, कुणी आत्ता याच गोंधळात असेल तर उपयोग होईल.

न पाठवलेली नोट लांबलचक होती. रविवारी रात्री लेन्स न काढता झोपले इथपासून सुरुवात, मग रात्रभर कसं दुखलं, मग मी कधीच उशीर करत नाही, मग तीनदा सॉरी, सोबत सुजलेल्या डोळ्याचा फोटो, आणि शेवटी "कृपया थोडे दिवस वाढवून द्या". सगळं खरं होतं. पण सरांच्या जागी बसून वाचलं तर त्यांना जे ठरवायचंय त्यासाठी लागणारं एकही वाक्य त्यात नाही. थोडे दिवस म्हणजे किती? काम किती झालंय? आणि फोटोवरून त्यांना काय कळणार, ते काही डोळ्यांचे डॉक्टर नाहीत, उलट फोटो पाठवला की आपण पुरावा देऊन दबाव आणतोय असं वाटतं.

पाठवलेली नोट ही:

विषय: तिसरा रिपोर्ट, मुदतवाढीची विनंती
नमस्कार सर,
माझ्या डाव्या डोळ्याला इन्फेक्शन झालं आहे, खूप दुखतंय आणि स्क्रीनकडे बघता येत नाहीये. आज चार वाजता डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जात आहे. रिपोर्टचे पहिले दोन भाग झाले आहेत, सोबत जोडले आहेत, शेवटचा भाग बाकी आहे. बुधवारऐवजी शनिवारी रात्रीपर्यंत दिला तर चालेल का? डॉक्टरांनी वेगळं काही सांगितलं तर आज रात्रीच कळवते. त्यांची चिठ्ठी हवी असल्यास देईन.

खाली नाव, वर्ग, रोल नंबर. बस्स. हे मी एक डोळा मिटून फोनवर बोलून टाइप केलं आणि मैत्रिणीने एकदा वाचून चुका काढल्या, कारण अशा वेळी स्वतःचं लिहिलेलं नीट दिसतच नाही.

यातलं जोडलेलं अर्धं काम मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. सर नंतर म्हणाले की मुदतवाढीचे बरेच मेल डेडलाईनच्या शेवटच्या तासात येतात, तेव्हा काम सुरू तरी झालं होतं का हे कळायला काहीच मार्ग नसतो. दोन भाग समोर असले की तो प्रश्नच उरत नाही आणि आजाराचं वर्णन वाढवायची गरजही पडत नाही. चिठ्ठी मात्र आपणहून जोडायची की नाही यात माझं मत असं की आधी फक्त देईन म्हणावं. त्यावर औषधं, निदान सगळं असतं, मागितल्याशिवाय कशाला पाठवायचं. तुमच्याकडे चिठ्ठी लागतेच असा नियम असेल तर अर्थात जोडून टाका.

आता खरा निवडीचा मुद्दा, तो म्हणजे डॉक्टरकडे जायच्या आधी मेल करायचा की नंतर, आणि किती दिवस मागायचे. हे डोळ्याला काय झालंय त्यावर ठरतं.

साधे डोळे आले असतील, म्हणजे खुपतंय, चिपडं येतायत, पापण्या सकाळी चिकटतायत, पण पुसल्यावर नीट दिसतंय आणि उजेड सहन होतोय, तर तारीख घालूनच मेल करा, दोन-तीन दिवस मागा. लाली जायला आठवडा, कधी दोन आठवडेही लागतात, पण तोपर्यंत अजिबात काम होत नाही असं नसतं, त्यामुळे पूर्ण बरं होईपर्यंतची मुदत मागू नका. यात एकच वाक्य जास्तीचं टाकावं लागतं, ते म्हणजे हा प्रकार बहुतेक वेळा संसर्गजन्य असतो म्हणून लॅबला येत नाहीये. एकाच मायक्रोस्कोपला सगळे डोळा लावणार असतील तर ते सांगायलाच हवं.

पण दुखणं आत खोल असेल, उजेड सहन होत नसेल, पुसूनही धूसर दिसत असेल, आणि त्यात तुम्ही लेन्स वापरत असाल, तर आधी लेन्स काढा, परत घालू नका आणि त्याच दिवशी डॉक्टरकडे जा, मेल त्याच्या मागून गेला तरी चालेल. कॉर्नियाला, म्हणजे डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्याला इन्फेक्शन असू शकतं आणि त्यात नजरेला कायमचा धोका असतो. माझं तेच निघालं. डॉक्टरांनी डोळ्यात पिवळा-केशरी रंग टाकून निळ्या उजेडात बघितलं, जखमेची जागा हिरवी चमकली. मग अँटिबायोटिकचे थेंब दर तासाला, पहिले दोन दिवस रात्रीसुद्धा अलार्म लावून, आणि शिवाय दुखणं कमी व्हावं म्हणून बाहुली मोठी करणारे थेंब.

हे दुसरे थेंब कुणी लक्षात घेत नाही. त्याने जवळचं फोकस होत नाही, अक्षरं पसरतात, आणि कुठलं औषध आहे त्यावर हे एक दिवस टिकतं किंवा आठवडाभरही. म्हणजे दुखणं थांबलं तरी त्या डोळ्याने वाचता येत नाही. म्हणून डॉक्टरांना सरळ विचारा, स्क्रीनवर दोन-तीन तास काम कधी करू शकेन? मला उत्तर मिळालं, शुक्रवारच्या आधी नाही. मग माझा शनिवार फार घाईचा झाला असता, त्याच रात्री मी त्याच मेलला दोन ओळींचा रिप्लाय केला, "कॉर्नियाचं इन्फेक्शन आहे, शुक्रवारपर्यंत स्क्रीन बंद सांगितली आहे, सोमवारी सकाळी नऊपर्यंत दिला तर चालेल का?" सर म्हणाले चालेल, कारण उत्तरांची चर्चा वर्गात मंगळवारी होती. मंगळवारनंतरची तारीख त्यांना देताच आली नसती, उत्तरं सगळ्यांसमोर आल्यावर माझा रिपोर्ट तपासणार कसा. तर तारीख मागायच्या आधी वर्गात ती चर्चा कधी आहे हेही बघून घ्या.

संकोचाने कमी दिवस मागायचे आणि मग परत मागायचे, हे मला सगळ्यात वाईट वाटतं. मी त्याच दिवशी तारीख बदलली ते चाललं, शनिवारी रात्री बदलली असती तर सरांना परत सगळं हलवावं लागलं असतं.

रांजणवाडीला मात्र यातलं फारसं काही लागत नाही. पापणीच्या कडेला फोड येतो, दुखतो खूप, पण नजर तशीच असते. कोमट पाण्यात बुडवून पिळलेला कपडा दहा-पंधरा मिनिटं, दिवसातून तीन-चारदा, आणि फोड पिळायचा नाही. त्यासाठी मी फार तर एक दिवस मागेन. पण सूज पापणीभर पसरली, ताप आला किंवा डोळा हलवताना दुखायला लागलं तर ती रांजणवाडी राहिली नाही असं समजून लगेच डॉक्टर गाठा, आणि मेल कुणातरी मित्राला करायला सांगा, तुमच्या आयडीवरून, तुमच्या समोर बसून.