वळवाच्या वादळाचे दोन वारे: रांगेने येणारा आणि वरून कोसळणारा

एप्रिल-मे महिन्यांत मराठवाड्यात किंवा विदर्भात पत्र्याचे घर, गोठा किंवा शेड असणाऱ्याला पावसाळ्यापूर्वी दोन गोष्टी ठरवाव्या लागतात: छपरावर किती खर्च करायचा आणि अंगणातल्या मोठ्या झाडाचे काय करायचे. दोन्हींचे उत्तर वादळातला वारा कोणत्या प्रकारचा आहे यावर अवलंबून असते, कारण वळवाच्या पावसाबरोबर येणारा सोसाट्याचा वारा एकाच तऱ्हेने तयार होत नाही. गडगडाटी ढगांची लांब रांग पुढे सरकते तेव्हा तिच्यापुढे धावणारा वारा, म्हणजे स्क्वॉल लाइनचा वारा, हा एक प्रकार आहे. एकाच ढगातून थंड हवेचा लोंढा थेट खाली आदळतो आणि जमिनीवर चहूकडे पसरतो, तो डाउनबर्स्ट हा दुसरा.

मूळ कारण दोन्हींचे सारखेच आहे. उन्हाळ्याच्या दुपारी जमिनीलगतची हवा कोरडी आणि तापलेली असते, तर ढगाचा तळ बराच उंच असतो. ढगातून पडणारा पाऊस आणि गारा आपल्याबरोबर हवा खाली ओढतात. त्या कोरड्या थरातून येताना पावसाचे बरेचसे थेंब वाटेतच वाळतात, त्यामुळे हवा झपाट्याने थंड व जड होते आणि जास्तच वेगाने कोसळते. म्हणूनच पाऊस नुसता शिंतडला तरी वारा भयंकर असू शकतो, आणि पाऊस थोडा म्हणजे वादळ किरकोळ हा समज धोक्याचा ठरतो.

फरक पडतो तो मिळणाऱ्या वेळेत. स्क्वॉल लाइनमध्ये अनेक ढगांतून कोसळलेली थंड हवा एकत्र येऊन एका लांब आघाडीसारखी पुढे सरकते. ती पन्नास-शंभर किलोमीटर किंवा त्याहून लांब असू शकते आणि काही तास टिकते, त्यामुळे डॉप्लर रडारवर स्पष्ट दिसते. हवामान विभाग जिल्हावार तीन तासांचा तात्कालिक इशारा देतो तेव्हा अशी रांग बहुधा त्याच्या नजरेत असते. साठ किलोमीटरवर असलेली रांग ताशी पन्नासच्या वेगाने येत असेल, तर तासाभराहून अधिक वेळ हातात राहतो. क्षितिजावर गडद, सपाट कडेचा ढग आणि त्याखाली धुळीची भिंत दिसली की ती जवळ आली असे समजावे. वाऱ्याची पहिली धडक साधारण एकाच बाजूने येते, म्हणून त्या बाजूची दारे-खिडक्या लावून घेता येतात.

डाउनबर्स्ट ही सवड देत नाही. त्याचा लहान प्रकार, मायक्रोबर्स्ट, चार किलोमीटरपेक्षा कमी जागेत घडतो आणि त्याचा जोर जेमतेम दोन ते पाच मिनिटे असतो. न्यूयॉर्कमध्ये 1975 साली झालेल्या एका विमान अपघाताचा अभ्यास करताना वादळांचे अभ्यासक टेड फुजिता यांनी डाउनबर्स्टची कल्पना मांडली. रडारची अडचणही समजून घेण्यासारखी आहे. शंभर किलोमीटरवर रडारचा सर्वांत खालचा किरणसुद्धा जमिनीपासून सुमारे दीड किलोमीटर उंचीवरून जातो, तर डाउनबर्स्टचा सर्वांत जोरदार वारा जमिनीलगतच्या शे-दीडशे मीटरमध्येच असतो. त्यामुळे जिल्ह्याला इशारा मिळाला तरी तडाखा कोणत्या वस्तीला बसेल हे आधी सांगता येत नाही. वारा कोणत्या दिशेने येईल हेही ठरलेले नसते, कारण ते लोंढा तुमच्या कोणत्या बाजूला आदळला यावर अवलंबून असते. शिवाय स्क्वॉल लाइनच्या पोटातही डाउनबर्स्ट घडतात, म्हणजे इशारा मिळालेल्या वादळातही एखाद्या गल्लीची गत शेजारच्या गल्लीपेक्षा फार वाईट होऊ शकते.

माझे मत यावरून ठरते: माणसे आणि जनावरे हलवण्यासाठी इशाऱ्यावर विसंबावे, पण छप्पर बांधताना इशारा मिळणारच नाही असे धरून चालावे.

छपराचा हिशेब करून पाहू. वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणून वेग दुप्पट झाला की दाब चौपट होतो. ताशी 90 किलोमीटरच्या वाऱ्यात हा दाब प्रत्येक चौरस मीटरला सुमारे 38 किलो भरतो. छपरावरून वाहणारा वारा पत्रा वर ओढतो आणि पुढून उघड्या शेडमध्ये शिरलेला वारा त्याला आतून वर ढकलतो. दोन्ही मिळून प्रत्येक चौरस मीटरला पन्नास-पंचावन्न किलोचा उचल सहज होतो. दहा फूट लांब आणि साडेतीन फूट रुंद पत्र्यावर तो पावणेदोनशे किलोच्या आसपास जातो, तर त्या पत्र्याचे स्वतःचे वजन पंधरा किलोच्या घरात असते. कडांना आणि कोपऱ्यांना ओढ मधल्या भागाच्या जवळजवळ दुप्पट असते, म्हणून पत्रा नेहमी वळचणीकडून किंवा कोपऱ्यातून सुटायला लागतो.

याच हिशेबात पत्र्यावर दगड ठेवण्याची रीत टिकत नाही. दहा-दहा किलोचे दहा दगड ठेवले तरी शंभर किलोच होतात, आणि पत्रा उचलला गेला की तेच दगड खाली झोपलेल्या माणसांवर पडतात. हे दगड मी सर्वांत आधी उतरवायला सांगेन.

पैसे थोडे असतील तर ते पत्र्याची जाडी वाढवण्यापेक्षा जोडांवर खर्च करावेत. वळचण, आढे आणि कोपरे येथील स्क्रू किंवा हुक-बोल्ट मधल्या भागाच्या निम्म्या अंतरावर घ्यावेत आणि रुंद वॉशर वापरावेत, नाहीतर स्क्रू जागेवर राहतो आणि पत्रा त्याच्याभोवती फाटून निघतो. स्क्वॉल लाइनचा वारा बराच वेळ हिसके देत राहिला की असे भोक मोठे होत जाते, म्हणून वादळ ओसरल्यावर स्क्रूभोवती चीर दिसते का ते पाहावे. डाउनबर्स्टच्या एकाच तडाख्यात मात्र वेगळी गोष्ट उघडी पडते. स्क्रू पक्के असले, पण पत्रे पेलणारे लोखंडी पाइप भिंतीवर नुसते टेकवलेले असले, तर पाइपांसकट सबंध छप्पर उचलले जाते. म्हणून पाइप भिंतीत खोलवर गाडलेल्या सळईने जखडल्याशिवाय वरच्या स्क्रूंवरचा खर्च वाया जातो.

झाडाचा निर्णय अधिक अवघड आहे. अकोला जिल्ह्यातील पारस येथे 9 एप्रिल 2023 रोजी वादळी पावसात कडुलिंबाचे मोठे झाड मंदिराजवळच्या पत्र्याच्या शेडवर कोसळले आणि शेडमध्ये असलेल्या भाविकांपैकी सात जणांचा मृत्यू झाला. अशी शेड पावसापासून वाचवते, पण झाडाचे वजन तिला पेलत नाही. पालवीने भरलेला माथा वारा अडवतो आणि खोडाच्या उंचीमुळे मुळांवर प्रचंड ओढ येते. गटार किंवा काँक्रीटसाठी एका बाजूची मुळे तोडलेली असतील, तर झाड विरुद्ध बाजूला सहज उलटते. बुंध्याशी भूछत्रे, पोकळ आवाज किंवा एका बाजूने उचललेली माती दिसली तर झाड काढण्याचा विचार करावा. खोड आणि मुळे निरोगी असतील, तर फांद्या विरळ करणे पुरते. शेंडा सरसकट छाटू नये, कारण तेथून फुटणाऱ्या नव्या फांद्या कमकुवत जोडाच्या असतात आणि काही वर्षांनी त्याच आधी मोडतात. शहरी भागात झाड तोडण्यासाठी 1975 च्या वृक्षसंरक्षण कायद्याखाली परवानगी लागते, तेव्हा अर्ज मार्चपूर्वीच करावा.