वीकली-डेलीवर भागतं, की अवर्लीही हवा?

वीकलीवर ट्रेंड बघायचा आणि डेलीवर पुलबॅक शोधायचा, हे बहुतेकांना पटलेलं असतं. प्रश्न येतो तो बटण दाबताना. डेली कँडल पूर्ण होऊ द्यायची, की तासाच्या चार्टवर भाव वळलेला दिसला की लगेच घ्यायचं? मी दोन्ही पद्धतींनी स्विंग ट्रेड केले आहेत. माझं मत आधीच सांगतो: अवर्लीवरून एंट्री जरूर घ्या, पण स्टॉपलॉस आणि नगांची संख्या अवर्लीला ठरवू देऊ नका. असं का, ते एका ट्रेडवरून दाखवतो. आकडे समजण्यासाठी घेतलेत, पण चित्र रोजच्या बघण्यातलं आहे.

एक शेअर वीकलीवर चढता आहे. २० आठवड्यांचा ईएमए वर वळलेला, भाव त्याच्या वर, आणि आधीचा तळ शाबूत. ८५८ चा माथा करून भाव खाली यायला लागला. डेलीवर ७९० ते ८०० हा पट्टा जुना सपोर्ट आहे, कारण मागच्या वेळी तिथूनच तेजी सुटली होती. बुधवारी भावाने ७९४ चा तळ केला आणि दिवसअखेर ८०६ पर्यंत उसळी मारली. भांडवल ५ लाख, एका ट्रेडमध्ये गमवायची तयारी १ टक्का, म्हणजे ५,००० रुपये.

डेलीवाला गुरुवारची कँडल पूर्ण होऊ देतो. ती ८२२ चा हाय करून ८१९ ला बंद झाली. शुक्रवारसाठी तो ८२४ ची खरेदी लावतो आणि ७९४ च्या तळाखाली ७८८ ला स्टॉपलॉस ठेवतो. अलेक्झांडर एल्डर यांनी १९८६ मध्ये मांडलेली ‘ट्रिपल स्क्रीन’ पद्धत अनेकांनी नुसती ऐकलेली असते, त्यामुळे तिसरा स्क्रीन म्हणजे तिसरा चार्टच असा समज आहे. एल्डरांचा तिसरा स्क्रीन म्हणजे आदल्या दिवसाच्या हायच्या जरा वर लावलेली खरेदीची ऑर्डर. म्हणजे आपला हा डेलीवाला तीन पायऱ्या पाळतोच आहे, फक्त चार्ट दोनच उघडतो.

अवर्लीवाल्याने गुरुवारी सकाळी पाहिलं की भाव पुन्हा खाली आला, पण ७९४ पर्यंत न जाता ७९९ वरूनच वळला. १२:१५ ला सुरू झालेली कँडल ८०८ ला, म्हणजे बुधवारच्या ८०६ च्या वर बंद झाली. तळ वर सरकला आणि माथाही ओलांडला. त्याने ८०८ ला घेतलं आणि ७९९ खाली ७९७ ला स्टॉपलॉस लावला.

आता दोघांचा हिशोब शेजारी ठेवू. तिसरी ओळ माझी, तिच्याकडे नंतर येतो.

| पद्धत | एंट्री | स्टॉपलॉस | एका शेअरमागे जोखीम | नग | गुंतलेली रक्कम | ७७० ला उघडला तर तोटा |
|---|---|---|---|---|---|---|
| डेली | ८२४ | ७८८ | ३६ | १३८ | १,१३,७१२ | ७,४५२ |
| अवर्ली | ८०८ | ७९७ | ११ | ४५४ | ३,६६,८३२ | १७,२५२ |
| अवर्ली एंट्री, डेली स्टॉप | ८०८ | ७८८ | २० | १५४ | १,२४,४३२ | ५,८५२ |

आधी अवर्लीच्या बाजूने बोलतो, कारण त्याचा फायदा खरा आहे. ८५८ चा जुना माथा हे पहिलं लक्ष्य धरलं, तर डेलीवाला ३४ रुपयांसाठी ३६ रुपये पणाला लावतोय. माथा ओलांडून भाव पुढे जाणार याची खात्री नसेल, तर हा ट्रेड त्याने सोडून द्यायला हवा. अवर्लीवाल्याला त्याच लक्ष्यापर्यंत ५० रुपये मिळतात, जोखीम ११ ची. कागदावर साडेचार पट.

मेख नगांमध्ये आहे. स्टॉपलॉस जवळ आला की तेवढ्याच ५,००० च्या जोखमीत नग वाढतात, आणि अवर्लीवाल्याचे ५ लाखांपैकी पावणेचार लाखांच्या आसपास एकाच शेअरमध्ये अडकतात. रात्री तिमाही निकाल आला, सकाळी भाव थेट ७७० ला उघडला, तर ७९७ च्या स्टॉपलॉसला काही अर्थ उरत नाही. ५,००० ठरवलेला तोटा १७,२५२ होतो. डेलीवाल्यालाही फटका बसतो, पण ७,४५२ चा. दिवसातच ट्रेड संपवणाऱ्याला हा धोका नसतो. डिलिव्हरीत माल घरी नेणाऱ्याने मात्र तासाच्या चार्टचा स्टॉपलॉस रात्रीसाठी पुरेल असं धरूच नये.

दुसरा खर्च कुणी मोजत नाही. डिलिव्हरीत एसटीटी खरेदीवर ०.१ टक्का आणि विक्रीवरही ०.१ टक्का लागतो. ८०८ च्या शेअरवर येऊन-जाऊन साधारण १ रुपया ६० पैसे. स्टॅम्प ड्युटी आणि बाकीचे किरकोळ आकार त्याच्यावर. जोखीम ३६ ची असेल तर हे जाणवत नाही. ११ ची असेल तर सातवा हिस्सा इथेच जातो, आणि इतका जवळचा स्टॉपलॉस उडतोही वरचेवर.

म्हणून माझी तिसरी ओळ. एंट्री अवर्लीवर ८०८, पण स्टॉपलॉस डेलीच्या तळाखालीच, ७८८. अवर्लीवरचा ७९९ चा तळ तुटला म्हणून डेलीवरचा विचार चुकला असं होत नाही, ७९४ तुटला तर होतं. वीस रुपयांच्या जोखमीने २५० नग बसतात, पण एका शेअरमध्ये भांडवलाच्या २५ टक्क्यांहून जास्त नाही, हा माझा दुसरा नियम. त्यामुळे १५४. लक्ष्य ५० रुपयांचं, म्हणजे अडीच पट. साडेचार पटीच्या मानाने कमी वाटतं, पण गॅप डाऊन झालं तरी तोटा ठरवलेल्या पाच हजारांच्या आसपासच राहतो.

अवर्ली वापरायचा तर तो कधी उघडायचा, हे ठरवून घ्यावं लागतं. याच शेअरमध्ये सोमवारी, भाव पट्ट्यात यायच्या आधीच, अवर्लीवरचा ८१८ चा माथा ओलांडला गेला होता. १०:१५ ची कँडल ८२१ पर्यंत गेली आणि ८१५ ला बंद झाली. त्या क्षणी घेणारा बुधवारी ७९४ ला अडकलेला होता. चुका दोन. कँडल बंद व्हायच्या आत घेतलं, आणि भाव डेलीच्या पट्ट्यात आलेला नसताना अवर्ली बघितला. तासाचा चार्ट दिवसातून दोन-तीनदा काहीतरी वळण दाखवतोच. त्यामुळे ७९० ते ८०० चा अलर्ट वाजेपर्यंत मी तो उघडतच नाही.

एनएसईवर तासाच्या कँडलची एक गंमतही आहे. बाजार ९:१५ ते ३:३०, म्हणजे ३७५ मिनिटं. त्यात सहा पूर्ण कँडल बसतात आणि ३:१५ ला सुरू होणारी सातवी फक्त पंधरा मिनिटांची. ही बुटकी कँडल चार्टवर बाकीच्यांसारखीच दिसते, ईएमएमध्येही तितकीच मोजली जाते. तिच्यात ब्रेकआउट दिसला म्हणून घेतलेले माझे ट्रेड इतक्या वेळा सकाळी उलटलेत, की आता तिच्यावर मी निर्णय घेत नाही. ७५ मिनिटांची कँडल लावली तर दिवसाचे पाच समान तुकडे पडतात. आठवड्यात पाच दिवस, दिवसात पाच कँडल. दोन चार्टांमध्ये साधारण पाचपट अंतर असावं, हे एल्डरांचं गणितही त्यात नीट बसतं. अवर्ली वापरणाऱ्यांनी ७५ मिनिटं एकदा लावून बघावीच.

वीकली मात्र दोन्ही पद्धतींत हवा. तो गाळून फक्त डेली आणि अवर्ली बघणारे भेटतात. २०२४ च्या २१ नोव्हेंबरला निफ्टी २३,२६३ पर्यंत खाली जाऊन ५ डिसेंबरला २४,८५७ वर गेला. ते दोन आठवडे डेली आणि अवर्ली दोन्ही एका सुरात तेजी सांगत होते. वीकलीवर तो २७ सप्टेंबरच्या २६,२७७ च्या माथ्याच्या बराच खाली तयार झालेला माथा होता. ७ एप्रिल २०२५ ला निफ्टी २१,७४३ पर्यंत खाली गेला होता.

आणि वीकली बघायचा तो पूर्ण झालेला. ४ जून २०२४, लोकसभेचा निकाल. निफ्टी एका दिवसात जवळपास सहा टक्के पडून २१,८८४ ला बंद झाला, दिवसाचा तळ २१,२८१. त्या मंगळवारी रात्री चालू वीकली कँडल बघितली, तर तेजी संपली असंच कुणीही म्हटलं असतं. शुक्रवारी, ७ जूनला, तीच कँडल २३,२९० ला बंद झाली, आधीच्या आठवड्याच्या २२,५३० च्या वर, खाली लांब शेपटी घेऊन. मंगळवारची ती कँडल दोन दिवसांचीच होती. वीकलीचा निर्णय मी शनिवारी घेतो आणि पुढच्या शुक्रवारपर्यंत बदलत नाही. बाजार तेवढ्यात खरोखर फिरला तर डेलीचा स्टॉपलॉस आहेच.

वीकलीवर ईएमए आडवा पडलेला असेल आणि भाव त्याच्या वरखाली करत असेल, तर यातली कुठलीच पद्धत चालत नाही. असे शेअर मी यादीतून काढतो.

राहिला तुमचा प्रश्न. दुपारी सव्वा वाजता कँडल बंद होताना तुम्ही मीटिंगमध्ये असाल, तर अवर्लीचा मोह सोडा. जेवणाच्या सुट्टीत मोबाईलवर उशिरा बघितलेला अवर्ली हा सर्वांत वाईट पर्याय. तोवर भाव ८१५ ला गेलेला असतो, घाई होते आणि स्टॉपलॉसचं गणित बिघडलेलं असतं. वीकली-डेली घ्या, रात्री जीटीटी, म्हणजे भाव ठरवलेल्या आकड्याला आला की आपोआप जाणारी ऑर्डर, लावा, आणि ज्या ट्रेडमध्ये लक्ष्य जोखमीच्या किमान दीडपट नाही तो सोडून द्या. ट्रेड कमी मिळतील. वर दिलेला तर मिळणारच नाही.

जीटीटी लावताना एक बघा. ट्रिगर ७८८ आणि लिमिट ७८५ ठेवलीत आणि भाव ७७० ला उघडला, तर ७८५ ची विक्री लागते, पण घेणारा कुणी नसतो आणि माल तुमच्याकडेच राहतो. त्यामुळे ९:१५ ला एकदा मोबाईल उघडायची सोय तरी ठेवावी लागते. तेवढंही जमणार नसेल, तर ट्रिगर आणि लिमिटमधलं अंतर आणखी ठेवा आणि नग त्याच हिशोबाने कमी करा.