एसबारचा सराव: पूर्ण लिहिलेला संवाद की माहितीपत्रक?

रुग्णाची स्थिती ठरावीक चार टप्प्यांत डॉक्टरांना सांगण्याच्या, म्हणजेच मेडिकल वॉर्डातील एसबार पद्धतीच्या हँडओव्हरचा सराव नर्सिंगच्या विद्यार्थ्यांकडून दोन प्रकारच्या संहितांवर करून घेता येतो. एकीत परिचारिका आणि डॉक्टर यांची सर्व वाक्ये लिहून दिलेली असतात. दुसरीत परिचारिकेला रुग्णाचे माहितीपत्रक आणि डॉक्टरला स्वतंत्र सूचना मिळतात, व बोलायचे काय हे विद्यार्थ्यांनीच ठरवायचे असते.

उदाहरणादाखल न्यूमोनियाच्या 64 वर्षांच्या आजी घेऊ. दाखल होऊन दुसरी रात्र आहे. संध्याकाळी मिनिटाला 20 असलेला श्वास आता 28 आहे, नाकावाटे 2 लिटर ऑक्सिजन चालू असूनही पातळी 95 वरून 90 टक्क्यांवर आली आहे, रक्तदाब 98/60 आहे आणि आजी असंबद्ध बोलू लागल्या आहेत.

लिखित संवादात परिचारिकेचे वाक्य तयारच असते: “सर, संसर्ग वाढून सेप्सिस होत असावा असे मला वाटते, आपण 10 मिनिटांत येऊन पाहावे, तोवर मी काय सुरू करू?” परिस्थिती, पार्श्वभूमी, मूल्यांकन आणि शिफारस हा क्रम कानावर बसण्यासाठी, आणि डॉक्टरांशी फोनवर बोलायलाच बिचकणाऱ्या मुलामुलींसाठी, हे उपयोगी आहे. मात्र खरी अडचण नेमकी या वाक्यातच येते. स्वतःहून बोलताना विद्यार्थी मूल्यांकनाच्या जागी आकडेच पुन्हा वाचतात आणि शिफारस “सर, जरा बघता का?” एवढ्यावर थांबते. लिखित संवाद ही उणीव झाकून टाकतो.

माहितीपत्रकात ती उघडी पडते. त्यात जुने मोतीबिंदूचे ऑपरेशन, जेवणाच्या तक्रारी अशा तूर्त अनावश्यक नोंदी मुद्दाम घालाव्यात आणि पेनिसिलिनच्या ॲलर्जीची नोंद त्यांच्यामध्येच ठेवावी. डॉक्टरच्या पत्रकावर दोन सूचना पुरेत. पहिली, प्रथम “ताप असेल, पॅरासिटामॉल द्या” असे म्हणून बोलणे आटोपते घ्यावे. दुसरी, ॲलर्जीचा उल्लेख झाला नसेल, तर पिपरासिलिन-टॅझोबॅक्टम सुरू करण्यास सांगावे. हे औषध पेनिसिलिन गटातील असल्यामुळे पार्श्वभूमीत काय सुटले ते निरीक्षकाला वेगळे शोधावे लागत नाही, आणि तोंडी आदेश परत म्हणून दाखवताना तरी विद्यार्थी थबकतो का, हेही कळते.

या प्रकाराला वेळ अधिक लागतो. शिवाय डॉक्टरची भूमिका एखाद्या मवाळ वर्गमित्राकडे गेली, तर तो न अडवताच “येतो” म्हणतो आणि सराव वाया जातो. म्हणून ती शिक्षकाने किंवा वरच्या वर्गातील विद्यार्थ्याने करावी.

वॉर्डात नुकत्याच जाऊ लागलेल्या तुकडीला लिखित संवाद एकदाच वाचायला द्यावा आणि दुसऱ्या फेरीत त्यातील मूल्यांकन व शिफारस यांची वाक्ये कोरी ठेवावीत, असे माझे मत आहे. वॉर्डात काही महिने काढलेल्यांना मात्र थेट माहितीपत्रकच द्यावे.