तिसरी पाळी: सुटल्यावर जिम, की झोपून उठल्यावर?

शिरोली एमआयडीसीतल्या फौंड्रीत असलेला मावसभाऊ विचारत होता, "दादा, रात्रपाळीच्या आठवड्यात जिम सकाळी सातला सुटल्यावर, की झोपून उठून पाचला?"

ताकदीचं बघितलं तर पाचच. पहिल्या पाळीत हा ८० किलोचं स्क्वॉट पाच-पाच वेळा आरामात मारतो. रात्रभर जागून गेला, की तिसऱ्या सेटलाच गुडघे आत येतात. तसं दिसलं की ७० वर उतरायचं आणि एक सेट कमी करायचा, हट्ट नको.

झोपेचं गणितही तसंच. सकाळी जड व्यायाम केला की अंग तापलेलं राहतं, डोळा लवकर लागत नाही. त्यात चहा किंवा प्री-वर्कआउट घेतलं तर बारापर्यंत छताकडे बघत पडायचं.

जेवणाला मात्र सकाळ सोपी: आधी केळं, नंतर अंडी-भाकरी आणि झोप. (कटाची मिसळ सुट्टीच्या दिवशी, भावा!) पाचला जायचं तर तीनलाच जेवायला लागतं.

वजन वाढवत न्यायचं असेल तर झोपून उठून जा. संध्याकाळी घरची कामं मागं लागत असतील तर सकाळी जा, पण हलकं अर्धा तासच.