क्रेडिट कार्ड यूपीआयला जोडायचं, खातंच ठेवायचं की लाइट वापरायचं?

मी कासारवडवलीला राहते आणि नोकरी ऐरोलीला, म्हणजे दिवसाची सुरुवातच स्कॅनने होते. रिक्षा, स्टेशनबाहेरचा चहा, ऑफिसजवळचा वडापाव, संध्याकाळी बेकरी आणि मेडिकल. महिन्याला हे सगळं मिळून माझे साधारण पाच हजार जायचे, थेट बँक खात्यातून. मग मागच्या वर्षी म्हटलं जाणारच आहेत पैसे तर कार्डावरून जाऊदेत, पॉइंट तरी मिळतील, आणि कार्ड जोडून टाकलं. पाच महिने वापरलं, मग काढलं, मग थोडं परत जोडलं. ज्यांचं ठरत नाहीये त्यांच्यासाठी तिन्ही प्रकार शेजारी शेजारी ठेवून लिहितेय.

आधी एक गोष्ट क्लिअर करते, स्कॅन करून चालतं ते फक्त रुपे क्रेडिट कार्ड, सप्टेंबर २०२२ पासून. व्हिसा किंवा मास्टरकार्ड घेऊन बसलात तर हा विषयच नाही. जोडायला दोन मिनिटं लागतात, अॅपमध्ये बँक निवडायची, कार्डाचे शेवटचे सहा आकडे आणि एक्सपायरी टाकायची, ओटीपी येतो, मग कार्डासाठी वेगळा यूपीआय पिन ठेवायचा.

पण सगळीकडे ते चालत नाही हे कोणी आधी सांगत नाही. कार्डाचे पैसे फक्त दुकानदार म्हणून नोंदवलेल्या क्यूआरवर जातात. आमच्या इथल्या रिक्षावाल्यांचे, भाजीवाल्या मावशींचे क्यूआर बहुतेक स्वतःच्या खात्याचे असतात, तिथे कार्ड निवडलं की पेमेंट अडकतं आणि मागे तीन माणसं उभी. मैत्रिणीला निम्मं बिल पाठवायचं तरी कार्ड नाही चालत. म्हणजे कार्ड जोडलं तरी छोटा खर्च दोन ठिकाणी फुटतो, थोडा खात्यातून, थोडा कार्डातून, आणि महिन्याला एकूण किती गेले हे कुठेच एका जागी दिसत नाही. मला तर हा पहिला तोटा वाटतो, व्याजबिज नंतर.

आता खरा मुद्दा. खात्यातून देताना ब्रेक कुठे लागतो माहितीये का, २० तारखेच्या आसपास. बॅलन्स बघितला की पोटात गोळा येतो आणि मग चार दिवस घरून डबा. कार्ड जोडल्यावर ती २० तारीख येतच नाही. खातं गुबगुबीत दिसत राहतं, कारण चहा-वडापाव-बेकरी दुसरीकडे साठतंय. पहिल्या महिन्यात माझ्या खात्यात नेहमीपेक्षा चारेक हजार जास्त उरले, मला वाटलं वा, सेव्हिंग झालं. सेव्हिंग कसलं, ते बिल होतं अजून न आलेलं. ते चार हजार मी एका सेलमध्ये उडवले, हे नवऱ्याला अजून माहीत नाही.

तारखा बघा. माझ्या कार्डाचं स्टेटमेंट १६ तारखेला बनतं, भरायची शेवटची तारीख पुढच्या महिन्याची ५. म्हणजे १७ जूनचा चहा १६ जुलैच्या स्टेटमेंटवर येतो आणि त्याचे पैसे ५ ऑगस्टला भरायचे, ४९ दिवसांनी. ऐकायला मस्त. पण ५ ऑगस्टला बिल भरताना १७ जुलैपासूनचा नवीन खर्च आधीच साठलेला असतो, तो त्या बिलात नाही. पगार १ ला येतो, ५ ला जुनं बिल जातं आणि तरीही तुमच्यावर अजून दोनतीन हजार असतातच. कार्डातून बाहेर पडायचं ठरवलं तेव्हा मला हे नीट कळलं. एका महिन्यात जुनं बिलही भरायचं आणि रोजचा खर्चही परत खात्यातून करायचा, म्हणजे एका पगारात दोन महिने. जोडताना पहिला महिना फुकट गेल्यासारखा वाटतो ना, तो काढताना वसूल होतो. 

आणि खर्च वाढलाही. तिसऱ्या महिन्यात कार्डाचं बिल ७,४०० आलं. रिक्षा त्यात नाहीच, ती खात्यातून. स्टेटमेंट उघडून बसले तर ४० च्या वर एंट्री, आणि नावं अशी की ओळखू येत नाहीत, दुकानाच्या पाटीवर एक आणि स्टेटमेंटवर मालकाचं भलतंच नाव. मोठं असं काही नव्हतंच. ६० ची कोल्ड कॉफी, १२० चा केक, १८० चं काहीतरी मेडिकलमधलं जे औषध नव्हतं.

त्या महिन्यात मी पूर्ण भरलं, पण समजा नसतं जमलं. ७,४०० पैकी ४,००० भरले, ३,४०० राहिले. व्याज धरा महिन्याला साडेतीन टक्के, तर एका महिन्याचे ११९. इथवर लोकांना माहीत असतं. माहीत नसतं ते हे की बाकी राहिली की नवीन खरेदीची बिनव्याजी मुदतही जाते, उद्याच्या चहावर उद्यापासूनच व्याज. पुढच्या महिन्यात रोज थोडे थोडे करून ६,००० खर्च केले तर त्यावर सरासरी पंधरा दिवसांचे साधारण १०५. झाले २२४, वर १८ टक्के जीएसटी, म्हणजे २६४. आणि हा कमीतकमी आकडा, कारण राहिलेल्या रकमेवर व्याज मूळ खरेदीच्या तारखेपासून मोजतात. एक टक्का पॉइंट मिळाले असं धरलं तरी त्या ६,००० वर ६० रुपये, आणि यूपीआयच्या छोट्या खर्चावर पॉइंटच नाहीत अशीही कार्डं आहेत, ते आधी वाचा.

तिसरा पर्याय यूपीआय लाइट, याच्याबद्दल लोक फार बोलत नाहीत. खात्यातून थोडे पैसे आधी लाइटमध्ये टाकायचे, एकावेळी जास्तीत जास्त ५,००० ठेवता येतात आणि एका पेमेंटला १,००० पर्यंत, पिन लागत नाही. पिन नाही म्हणजे हात सैल सुटेल असं मलाही वाटलेलं, पण उलट झालं. सोमवारी १,२०० टाकते, गुरुवारी ३०० दिसले की आपोआप कोल्ड कॉफी राहते. बँकेच्या पासबुकात फक्त १,२०० ची एक ओळ, बाकी कशावर गेले ते अॅपमध्ये. एकच अट, ऑटो टॉप-अप बंद ठेवा. ते चालू असेल तर संपलं की आपोआप भरतं आणि मग लाइट काय नि खातं काय, सारखंच.

मग कार्ड कोणी जोडावं? ज्यांचा पगार महिन्याच्या मध्ये येतो किंवा हप्त्याहप्त्याने येतो आणि जे बिल पूर्ण भरतातच, ऑटो-डेबिट लावून, त्यांना ती मुदत खरंच कामाची आहे. फसवणुकीचीही एक बाजू आहे, गडबड झालीच तर पगाराच्या खात्याला हात लागत नाही. पण तसं असेल तर बँकेला सांगून लिमिट कमी करून घ्या. माझं लिमिट दीड लाख होतं, चहासाठी दीड लाख! २०,००० करून घेतलं. आणि अॅपमध्ये डिफॉल्टला कार्ड ठेवू नका, स्कॅन केल्यावर वर जे दिसतं त्यावरूनच घाईत पैसे जातात.

माझं आता असं आहे, रोजचं लाइटमधून, रिक्षा आणि मावशीसुद्धा, कारण लाइटचे पैसे साध्या क्यूआरवरही जातात. कार्ड फक्त महिन्याचा किराणा आणि आईच्या औषधांना, दोनच दुकानं, स्टेटमेंटला चारपाच ओळी. मध्ये फोन बदलला तेव्हा लाइट बंद करून पैसे खात्यात परत घ्यायला विसरले होते, ८०० रुपये जुन्या फोनमध्ये राहिले आणि तो फोन एक्स्चेंजला द्यायच्या आदल्या रात्री आठवलं.