रुपयाचं हेजिंग: भारतात फॉरवर्ड करावा की बाहेर एनडीएफ घ्यावा?

समजा, परदेशातल्या एका कंपनीला भारतातल्या उपकंपनीकडून तीन महिन्यांनी, कर वजा जाता, साडेआठ कोटी रुपये लाभांश यायचा आहे. कंपनीचा हिशोब डॉलरमध्ये, त्यामुळे तोवर रुपया घसरला तर नुकसान तिचं. ही जोखीम आधीच बांधून टाकणं म्हणजे हेजिंग, आणि त्यासाठी तिच्यापुढे दोन वाटा आहेत. भारतातल्या बँकेशी साधा फॉरवर्ड करायचा, म्हणजे डॉलरचा भाव आजच ठरवायचा आणि मुदतीला त्याच भावाने रुपये देऊन डॉलर घ्यायचे. किंवा सिंगापूर-लंडनच्या बँकेकडून नॉन-डिलिव्हरेबल फॉरवर्ड, म्हणजे एनडीएफ घ्यायचा. यात रुपये द्यायचे-घ्यायचे नसतातच. ठरलेला भाव आणि मुदतीचा भाव यांतला फरक तेवढा डॉलरमध्ये चुकता होतो.

ही दुसरी वाट निघाली ती भांडवली निर्बंधांमुळे. लाभांश बाहेर नेता येतो, पण परदेशी बँकेला हवे तेवढे रुपये बाळगता येत नाहीत, उसनेही घेता येत नाहीत. मुदतीला रुपये पोचवायचे तर ते खात्यात असावे लागतात, आणि लंडनमधल्या डीलरकडे तशी मोकळी सोय नसते. म्हणून करारातून रुपयाची देवाणघेवाणच काढून टाकली आणि उरली ती फक्त भावाची जोखीम. कोरियन वॉन, तैवानी डॉलर, ब्राझीलचा रेआल यांचे एनडीएफही याच कारणाने चालतात. चिनी युआनचाही असा बाजार मोठा होता. २०१० नंतर हाँगकाँगमध्ये प्रत्यक्ष युआन मिळू लागला तसा व्यवहार तिकडे सरकत गेला.

आता आकडे, अर्थात कल्पित. आज डॉलर ८४.५० रुपयांना आहे. कंपनीने तीन महिन्यांचा, १० लाख डॉलर खरेदीचा एनडीएफ ८५.०० ला घेतला. मुदतीच्या दोन कामकाजी दिवस आधी भाव ठरतो, तो भारतातल्या एफबीआयएल या संस्थेच्या संदर्भ दरावरून. तो ८७ निघाला असं धरू. सूत्र सरळ आहे:

मिळणारे डॉलर = करार रक्कम × (संदर्भ दर − करार दर) ÷ संदर्भ दर

म्हणजे १० लाख गुणिले २, भागिले ८७: सुमारे २२,९८९ डॉलर कंपनीला मिळाले. इकडे साडेआठ कोटी रुपये ८७ च्या भावाने विकून सुमारे ९,७७,०११ डॉलर आले. बेरीज बरोबर १० लाख. रुपया उलट वधारून दर ८४ झाला असता, तर कंपनीने सुमारे ११,९०५ डॉलर भरले असते, पण तेच रुपये सुमारे १०,११,९०५ डॉलरना गेले असते. बेरीज पुन्हा तीच. शेवटी संदर्भ दराने भागायचं कारण एवढंच, की फरक मुळात रुपयांत निघतो आणि तो डॉलरमध्ये आणावा लागतो.

बँकेच्या माहितीपत्रकातलं उदाहरण बहुधा इथेच थांबतं. खरी अडचण पुढे आहे. हे गणित जुळलं ते रुपये नेमके संदर्भ दराने विकले म्हणून. हा दर साडेअकरा ते साडेबारा या तासातल्या, आधी जाहीर न होणाऱ्या पंधरा मिनिटांच्या व्यवहारांवरून काढतात. तुमच्या बँकेने दुपारी ८७.४० ने डॉलर दिले, तर रुपयांचे सुमारे ९,७२,५४० डॉलर होतात आणि एकूण रकमेत साडेचार हजारांची तूट येते. लाभांशाचा ठराव लांबला आणि आठवड्याने ८८ ने रुपये विकावे लागले, तर तूट अकरा हजारांवर जाते. भारतातल्या फॉरवर्डमध्ये पहिली तूट संभवत नाही, कारण भाव आणि देवाणघेवाण एकाच करारात बांधलेली असते. म्हणून एनडीएफ घेणाऱ्याने रुपये विकण्याची सूचना भाव ठरण्याच्याच दिवशीची द्यावी आणि ती संदर्भ दराने पुरी करण्याची हमी बँकेकडून आधीच घ्यावी. त्यासाठी बँक थोडं कमिशन घेते, ते द्यावं.

मग सरसकट भारतातच का करू नये? एक तर कागदपत्रं. तिथे हेजिंगमागे खरी देणी-घेणी असावी लागतात आणि बँक त्यांचा पुरावा मागू शकते. जाहीर न झालेला लाभांश हा नुसता अपेक्षित व्यवहार. रिझर्व्ह बँकेच्या २०२० च्या नियमांत अशा करारावरचा निव्वळ नफा प्रत्यक्ष रक्कम आल्यावरच ग्राहकाला मिळेल असं म्हटलं होतं. एनडीएफमध्ये असलं काही विचारत नाहीत. डीलरला तुमची पत आणि तारण पुरतं. वाटेल तेव्हा उलटा व्यवहार करून मोकळं होता येतं.

दुसरा मुद्दा किमतीचा, आणि इथे गैरसमज फार. भारतातला फॉरवर्ड दोन देशांच्या व्याजदरांतल्या फरकाच्या आसपास राहतो, कारण बँका डॉलर आणि रुपये दोन्ही उसने घेऊन भाव ताळ्यावर आणतात. बाहेर रुपये उसने मिळत नाहीत, म्हणून एनडीएफचा भाव मागणी आणि भीती यांवर हलतो. दोन्ही बाजारांत पाय असलेल्या बँका हा फरक कमी करतात. २०२० मध्ये रिझर्व्ह बँकेने गुजरातमधल्या गिफ्ट सिटीसारख्या आंतरराष्ट्रीय वित्तीय केंद्रात शाखा असलेल्या भारतीय बँकांना या बाजारात उतरू दिलं, ते बरंचसं यासाठीच. शांत काळात अंतर काही पैशांचं असतं. २०१३ मध्ये मे ते ऑगस्टदरम्यान रुपया कोसळला तशी धावपळ उडाली की ते रुंदावतं. आपल्या उदाहरणात भारतातला भाव ८४.८५ असेल, तर तेच रुपये तिथे सुमारे १०,०१,७६८ डॉलरना बांधता आले असते. म्हणजे बाहेरच्या मोकळिकीची किंमत १,७६८ डॉलर. ती सही करण्यापूर्वी काढावी. दोन्हीकडचे भाव एकाच मिनिटाला मागवले तरच तुलना खरी.

एनडीएफ कशापासून वाचवत नाही, हे निवड करणाऱ्याच्या सहसा ध्यानात येत नाही. तो भावाचा विमा आहे, पैसे बाहेर काढता येण्याचा नाही. नायजेरियाने २०१५ च्या सुरुवातीपासून जून २०१६ पर्यंत नायराचा अधिकृत दर डॉलरला २०० च्या जरा खाली धरून ठेवला होता. समांतर बाजारात डॉलर त्याहून कितीतरी महाग होता आणि अधिकृत दराने मिळणं मुश्कील. अधिकृत दरावर ठरणाऱ्या एनडीएफने त्या काळात जवळजवळ काहीच दिलं नसतं, आणि नायरा मात्र अडकून पडला असता. रुपयाच्या बाबतीत संदर्भ दर खऱ्या व्यवहारांतून निघतो, हे बळ आहे. तरी अचानक सुट्टीमुळे किंवा बाजार बंद पडल्यामुळे दर जाहीरच झाला नाही तर काय, हे करारात वाचावं: प्रचलित मसुद्यात आधी १४ दिवसांपर्यंत वाट पाहायची आणि मग बँकांच्या सर्वेक्षणातला दर घ्यायचा, अशी तरतूद असते.

माझा कौल असा. रक्कम आणि तारीख पक्की असेल, ठराव हातात असेल, तर भारतातला फॉरवर्ड घ्या. समभागांत गुंतलेला फंड असेल, रक्कम रोज बदलत असेल, तर एनडीएफच बरा. पण उपकंपनीच्या भांडवलाचं वर्षानुवर्षं हेजिंग एनडीएफने करायचं ठरवलं असेल, तर रोकड आधी मोजा. रुपया वधारला तर दर मुदतीला खिशातून डॉलर द्यावे लागतील, आणि भांडवलाची वाढलेली किंमत मात्र विक्री होईपर्यंत कागदावरच राहील.