एसीएलच्या ऑपरेशननंतर ताट कमी करायचं, तेवढंच ठेवायचं की बदलायचं?

कोल्हापुरात फुटबॉल खेळणाऱ्यांचा गुडघा गेला की पहिला प्रश्न असतो, "मैदानात परत कधी?" दुसरा बहुतेक आईचा असतो, "आता याला काय खायला घालू?" आणि तिसरा स्वतः खेळाडूच हळूच विचारतो, "मी सुटणार तर नाही ना?" या तिसऱ्या प्रश्नाच्या भीतीपोटी खाण्याच्या बाबतीत सगळ्यात मोठी चूक होते, म्हणून तिथूनच सुरुवात करतो.

समजा एक खेळाडू आहे. वय 26, वजन 72 किलो, उंची 174 सेंटिमीटर, नोकरी बसून करायची, आठवड्यातून पाच दिवस दीड तास सराव. शरीर नुसतं चालू ठेवायला त्याला रोज साधारण 1,680 कॅलरी लागतात. दिवसभराची हालचाल आणि सराव धरून हा आकडा 2,850 च्या आसपास जातो. आता त्याच्या एसीएलचं, म्हणजे गुडघ्यातल्या एका अस्थिबंधाचं, ऑपरेशन झालंय, पायाला ब्रेस आहे, हाताखाली कुबड्या आहेत. त्याच्यापुढे तीन रस्ते आहेत.

पहिला रस्ता म्हणजे जेवण जवळपास निम्म्यावर आणायचं. व्यायाम बंद, मग खाणंही बंद, हे तर्काला पटतं. तो 1,700 कॅलरींवर येतो. पण सराव थांबला म्हणून त्याची गरज निम्मी झालेली नसते. बसून-पडून राहिल्यावरही त्याला 2,200 च्या जवळपास लागतात. त्यात जखम भरण्याचा खर्च येतो. मोठ्या अपघातात तो बराच असतो, अशा ऑपरेशनला त्या मानाने कमी. शिवाय कुबड्यांवर चालायला साध्या चालण्यापेक्षा दुप्पट-तिप्पट ताकद लागते. सगळं धरलं तर गरज 2,300 ते 2,400 भरते. म्हणजे 1,700 वर तो रोज सहा-सातशेच्या तुटीत आहे.

या तुटीची झळ नेमकी स्नायूला बसते. खाणं कमी पडलं की शरीर नवे स्नायू-प्रथिन बांधण्याचं काम मंद करतं. पाय न वापरल्यानेही तेच होतं, म्हणजे एकाच मांडीवर दोन्हीकडून मार. निरोगी तरुणांचा पाय नुसता पाच दिवस बांधून ठेवल्यावर मांडीच्या पुढच्या स्नायूचा आकार साधारण साडेतीन टक्क्यांनी आणि ताकद नऊ टक्क्यांच्या आसपास घटलेली मोजली गेली आहे. ऑपरेशन न होता, पोटभर जेवून ही घट होत असेल, तर उपाशी पायाचं काय होईल याचा अंदाज तुम्हीच करा. आणखी एक गोष्ट सहसा कुणाच्या लक्षात येत नाही. ताट सरसकट निम्मं केलं की प्रोटीनही निम्मं होतं. आधी 85 ग्रॅम खाणारा आता 45 वर येतो, आणि तेही ज्या काळात त्याला जास्त हवं त्या काळात.

दुसरा रस्ता आईचा. काही कमी करायचं नाही, वरून तूप, सुकामेवा आणि मटणाचा रस्सा. यामागची माया खरी आहे, पण हिशेब चुकतो. रोजचे पाचशे जास्त म्हणजे सहा आठवड्यांत 21,000 कॅलरी, कागदावर अडीच किलोच्या वर चरबी. जास्त खाल्लं तर निदान स्नायू तरी टिकेल, अशी आशा असते, तीही खोटी ठरते. अंथरुणाला खिळवून ठेवलेल्या निरोगी माणसांवरच्या अभ्यासात ज्यांनी गरजेपेक्षा जास्त खाल्लं, त्यांचा स्नायू उलट अधिक गेला. रश्शाबद्दल सांगायचं तर तांबडा असो वा पांढरा, वाटीभर रश्शात प्रोटीन नावापुरतं असतं. ते असतं मटणाच्या तुकड्यांत, आणि ते नेमके पाहुण्यांच्या ताटात जातात.

या रस्त्याला मी सरसकट नाव ठेवणार नाही. मुळातच काटकुळा असलेला खेळाडू असेल, किंवा सोबत मोठं हाड मोडलं असेल, तर थोडं जास्त खाणं परवडतं. पहिले चार-पाच दिवस तर वेदनाशामक गोळ्यांनी भूकच मरते, बद्धकोष्ठही होतं. त्या दिवसांत आकडे बाजूला ठेवावेत आणि जे जाईल ते, पण प्रोटीनवालं, घ्यावं.

तिसरा रस्ता मी सुचवतो. कॅलरी नव्या गरजेइतक्या, म्हणजे या खेळाडूला 2,350 च्या आसपास, आणि प्रोटीन पूर्वीपेक्षा जास्त, किलोमागे 1.8 ग्रॅम, म्हणजे 130. न वापरलेला स्नायू प्रोटीनला नेहमीसारखा प्रतिसाद देत नाही, त्यामुळे जेवणागणिक जरा मोठा डोस द्यावा लागतो. एकाच जेवणात 80 ग्रॅम कोंबून उपयोग नाही. चार वेळा तीस-बत्तीस बरं.

ताटात हे असं बसतं. सकाळी तीन अंडी, दोन पोळ्या आणि पेलाभर दूध. दुपारी सव्वाशे ग्रॅम चिकन आणि दोन पोळ्या. संध्याकाळी दुधात व्हे प्रोटीनचा एक चमचा, म्हणजे डब्यातलं माप. रात्री शंभर ग्रॅम पनीर, वाटीभर डाळ, दोन पोळ्या. शाकाहारी घरात चिकनच्या जागी पन्नास ग्रॅम कोरडे सोयाबीनचे वडे घेतले तर 26 ग्रॅमच्या जवळपास मिळतात. नुसत्या वरणावर हा आकडा गाठू पाहाल तर पाच-सहा वाट्या एका वेळेला लागतील, ते होत नाही.

प्रोटीन 45 ग्रॅमनी वाढलं म्हणजे त्याच्याच 180 कॅलरी वाढल्या. त्यामुळे बाकीच्या खाण्यातून एकूण सातशेच्या आसपास कमी व्हायला हव्यात. मी आधी सरावाशी जोडलेलं खाणं काढतो: सरावानंतरचा केळ्याचा शेक, मॅचनंतरची मिसळ, बाटलीतलं गोड पेय. बहुतेकांचं निम्मं काम तिथेच होतं. मग रात्रीचा भात आणि वरचं तेल. पोळी पूर्ण बंद करू नका, फिजिओथेरपीच्या व्यायामाला इंधन लागतंच. मूत्रपिंडाचा आजार असेल तर मात्र हे प्रोटीन डॉक्टरांना विचारल्याशिवाय वाढवायचं नाही.

आपण कोणत्या रस्त्यावर आहोत हे वजनकाटा सांगत नाही. मांडी बारीक होतेय आणि पोट वाढतंय, तरी काटा 72 च दाखवतो. म्हणून टेप घ्या. गुडघ्याच्या वाटीच्या वरच्या कडेपासून 15 सेंटिमीटरवर दोन्ही मांड्या आणि बेंबीजवळ कंबर, दर रविवारी सकाळी. पहिले दोन आठवडे सुजेमुळे मांडीचं माप फसवं येतं, ते सोडून द्या. नंतर कंबर वाढत असेल तर रोजच्या दीड-दोनशे कॅलरी कमी करा. कंबर आणि चांगल्या पायाची मांडी दोन्ही आक्रसत असतील तर तुम्ही नकळत पहिल्या रस्त्यावर आहात. ऑपरेशनची मांडी बारीक दिसणारच, कारण सुजलेला गुडघा त्या स्नायूला नीट आवळूच देत नाही. ते अन्नाने सुटत नाही. त्यासाठी मांडी आवळण्याचे व्यायाम आणि फिजिओने लावलेलं विजेच्या झटक्यांचं यंत्र आहे.

ज्याला खरंच चरबी कमी करायची आहे त्यानं थोडं थांबावं. दोन्ही पायांवर नीट भार पडू लागला, सायकल आणि लेग प्रेस सुरू झाले, की मग दोन-तीनशेची तूट चालते, प्रोटीन 130 वरच ठेवून. बाकीच्यांनी उलट करायचं: सायकल अर्ध्या तासावर गेली की काढलेल्यांपैकी पहिली गोष्ट परत आणायची. बहुतेक जण मिसळ निवडतात. मी केळ्याचा शेक म्हणेन.